कथा लिहिते आहे : आजोबांच्या टंकलिखित आठवणींची विस्कटलेली पानं नात क्रमाने कशी लावेल?

गोदाकाठची

दिवाळी अंकासाठी लघुकथा लिहिते आहे. त्यातल्या कामाचा भाग खरा उतरायला हवा, म्हणून हा धागा.

अण्णा मेरीतून, म्हणजे दिंडोरी रोडच्या अभियांत्रिकी संशोधन संस्थेतून, १९९० साली मुख्य लिपिक म्हणून निवृत्त झाले. नोकरीची पहिली अनेक वर्षं टंकलेखक होते. निवृत्तीनंतर चारेक वर्षांत त्यांनी गोदरेजच्या मराठी टंकयंत्रावर आठवणी टाइप केल्या. एकूण ८६ पानं, एकाच बाजूला मजकूर, आठ प्रकरणं. तो गठ्ठा वाचायला धुळ्याच्या मावसभावाकडे गेला आणि तिथेच राहिला. आता मावसभावाच्या मुलाने तो कुरिअरने परत पाठवलाय, फाइल नाही, दोरी नाही, नुसता प्लास्टिकच्या पिशवीत. पानं पूर्ण विस्कटलेली. अण्णा नव्वदी ओलांडलेले, वाचता येत नाही, ऐकू नीट येतं. अशोकस्तंभाजवळ राहणारी नात हे काम हातात घेते.

अडचण अशी ठेवली आहे की पानांवर क्रमांक आहेत, पण प्रत्येक प्रकरण एकपासून सुरू होतं. त्यामुळे ‘३’ क्रमांकाची आठ पानं निघतात आणि कुठलं कुणाचं ते कळत नाही. प्रकरणाच्या पहिल्या पानावर फक्त शीर्षक आहे. सध्याच्या खर्ड्यात ती सगळी पानं हॉलभर पसरते आणि घटनांच्या सालांवरून लावते. हे पटतं का? ती प्रत्यक्षात काय करेल?

सातपूरकर

साल बघूनच लावायला हवं, दुसरं काय करणार? ६९ चा पूर, ७२ चा दुष्काळ, ८० चा सिंहस्थ, ८२ ची महानगरपालिका. नाशिकचा माणूस असेल तर खुणा भरपूर सापडतील. जिथे साल नाही तिथे शाई बघायची. रिबन नवी असताना अक्षर गडद येतं, मग फिकट होत जातं. गडद ते फिकट असा क्रम लावला की झालं.

दप्तरखाना

गोदाकाठची, तुमच्या नातीला आधी थांबवा. पानं हॉलभर पसरली की सगळ्यात मोलाचा पुरावा गेला.

हातातून निसटलेला किंवा पिशवीत कोंबलेला गठ्ठा पत्त्यांसारखा पिसला जात नाही. तो तुकड्यातुकड्यांनी हलतो. तीन-चार पानांचा एक थर आपल्या जागी, मग दुसरीकडून आलेला थर, मग एखादा थर उलटा. म्हणजे आलेल्या क्रमात मूळ क्रमाचे तुकडे जिवंत असतात. म्हणून पहिलं काम हे की पिशवीतून गठ्ठा जसा निघाला तसाच टेबलावर ठेवायचा आणि वरून एकेक पान उचलत प्रत्येकाच्या मागे, खालच्या कोपऱ्यात, मऊ पेन्सिलीने बारीक आकडा घालायचा, १ ते ८६. पेन नाही, चिकटचिठ्ठी नाही. पान पालथं किंवा उलट्या टोकाने निघालं असेल तर वहीत तशी नोंद. मग त्याच क्रमाने फोटो.

या आकड्याला ‘आगमन क्रमांक’ म्हणू. पुढे कुठलीही जुळवणी पटली की ती या क्रमांकाशी ताडून बघायची. समजा पुराच्या प्रकरणातलं पान ४ ठरवायचंय, दोन उमेदवार आहेत, आणि त्यातला एक आगमनात पान ३ ला लागूनच आला होता. हा निकाल नव्हे, पण पारडं त्या बाजूला झुकतं. थर पालथा झाला असेल तर ५, ४, ३ असे उतरते आकडे लागोपाठ येतील. तेही जोडलेलेच समजायचे.

सालांबद्दल सातपूरकरांचं अर्धं खरं आहे. सालं प्रकरण ओळखायला मदत करतात. पण आठवणी रोजनिशीसारख्या ओळीने चालत नाहीत. दुष्काळाबद्दल लिहिताना माणूस पुराकडे वळतो, दोन पानं तिकडेच राहतो आणि परत येतो. सालांवर लावलं तर ती दोन पानं उचलून दुसऱ्या प्रकरणात जातील, आणि मजकूर वरवर बरा वाचता येईल. अशी चूक लवकर सापडत नाही, हाच त्यातला धोका.

मखमलाबादी

हा प्रश्न नेहमीचा आहे. स्कॅनरमध्ये आधी सगळ्या पुढच्या बाजू आणि मग गठ्ठा उलटून मागच्या बाजू स्कॅन केल्या की दोन फाइली होतात आणि दुसरी उलट्या क्रमाने येते. एका ओळीत सुटतं :

```
pdftk A=pudhe.pdf B=mage.pdf shuffle A Bend-1 output sarva.pdf
```

गोदाकाठची

मखमलाबादी, पानं एकाच बाजूला टाइप केलेली आहेत आणि कागदच विस्कटलेत, स्कॅन नव्हे. पण फोटोंची एक फाइल करून क्रम तिथे बदलत राहायचा आणि कागदांना हात लावायचा नाही, हे नातीला शोभेल.

मखमलाबादी

अच्छा, नीट वाचलं नव्हतं. मग हे घ्या. आकडे म्हणजे दप्तरखाना म्हणतात तो आगमन क्रमांक, लिहिलेल्या क्रमाने नवी फाइल होते. मूळ फाइल तशीच राहते.

```
pdftk agaman.pdf cat 41 12 13 77 output prakaran1.pdf
```

टंकमित्र

रिबनबद्दल थोडं. ऑफिसातल्या यंत्रांवर कापडी रिबन असायची, दोन रिळांवर गुंडाळलेली. एक टोक आलं की ती आपोआप उलटी फिरते आणि तोच पट्टा पुन्हा वापरला जातो, कितीतरी वेळा. त्यामुळे शाई इतकी हळू उतरते की शेजारच्या दोन पानांत गडद कुठलं नि फिकट कुठलं हे डोळ्याला सांगता येत नाही. शिवाय काही दिवस यंत्र बंद राहिलं तर शाई पट्ट्यात पसरते आणि अक्षर परत थोडं गडद दिसतं. सातपूरकरांच्या पद्धतीने पान-दर-पान क्रम लागणार नाही. एकच गोष्ट भरवशाची : फिकट पानांनंतर एकदम काळंभोर पान आलं तर तिथे रिबन बदलली. ती सीमारेषा.

त्याहून पक्की खूण खिळ्यात असते. अक्षराचा खिळा एकदा तुटला की तुटला. समजा यंत्राच्या ‘ळ’चा उजवीकडचा खालचा तुकडा उडाला. त्या क्षणानंतरच्या प्रत्येक पानावर प्रत्येक ‘ळ’ लंगडा येणार. मराठीत ‘ळ’ नसलेलं पान क्वचितच सापडेल, त्यामुळे ८६ पानांचे दोन सरळ गट पडतात, आधीचा आणि नंतरचा. एखाद्या पानाच्या मध्यावर ‘ळ’ बदललेला दिसला तर सोन्याहून पिवळं, कारण तेच पान सीमेवरचं.

तिसरी खूण भरलेल्या पोटांची. ‘ब’, ‘व’, ‘म’ यांच्या बंद जागेत शाई आणि रिबनचे धागे साचत जातात, पोट काळं होत जातं. टंकलेखक मग ब्रश आणि टाचणीने खिळे साफ करतो आणि पुढच्या पानापासून पोट स्वच्छ. म्हणजे स्वच्छ, थोडं भरलेलं, पूर्ण भरलेलं, पुन्हा स्वच्छ असं चक्र. एका चक्राच्या आत ढोबळ क्रम कळतो, पण चक्र कितवं ते ‘ळ’वरून ठरवावं लागतं.

सातपूरकर

पण रिबनच उलगडून वाचता येते ना? पोलिस तपासात तसं करतात. अण्णांचं यंत्र घरात असेल तर शेवटची रिबन त्यातच असेल.

टंकमित्र

ते एकदाच वापरायच्या फिल्मच्या रिबनवर, विजेच्या यंत्रांमध्ये असते तसली. तिथे प्रत्येक अक्षराचा ठसा पट्ट्यावर वेगळा राहतो. कापडी रिबनवर एकाच जागी पुन्हापुन्हा अक्षरं आदळलेली असतात, वाचण्यासारखं काही उरत नाही. कथेत घालू नका.

अनुस्वार

मी मुद्रितशोधनाच्या बाजूने बोलते. दोन गोष्टी.

सरकारी टंकलेखकाची एक सवय असते. पान संपलं आणि मजकूर पुढे चालू असला की खाली उजवीकडे पुढच्या पानाचा आकडा टाकायचा, ‘...४/-’ असा. अण्णांच्या हाताला ती सवय असणारच. म्हणजे ‘३’ क्रमांकाच्या आठ पानांतलं एखादं प्रकरणाचं शेवटचं असेल तर त्याच्या तळाला ती खूण नसेल. कुठलं प्रकरण किती पानांचं हे त्यावरून निघतं. नातीने वाचायला घेण्याआधी सगळे तळ बघून घ्यावेत.

दुसरी गोष्ट जोडांची. प्रत्येक पानासाठी कागदाची एक पट्टी करायची. वरच्या टोकाला पानाचे पहिले चार-पाच शब्द, खालच्या टोकाला शेवटचे चार-पाच, मागे आगमन क्रमांक. मग पट्ट्या लावायच्या, पानं नाहीत. मराठीत क्रियापद शेवटी येतं, म्हणून वाक्य तुटलं की कर्म या पानावर आणि क्रियापद पुढच्या पानावर राहतं. लिंग आणि वचन जुळलं नाही तर तो जोड बाद. उदाहरणार्थ पान ३ संपतं : ‘मी खिशातली किल्ली काढली आणि कपाटातली जुनी’. पुढे तीन उमेदवार आहेत. एक ‘रजिस्टर उघडलं’ असं सुरू होतं, दुसरं ‘नोंदवही बाहेर ओढली’, तिसरं ‘कागदपत्रं चाळली’. रजिस्टर जुनं असतं, म्हणून पहिला बाद. पण नोंदवही जुनी आणि कागदपत्रंही जुनीच. व्याकरण इथे थांबतं. दोन्ही वाचून बघा, दोन्ही बरी वाटतील. नातीने ‘बरं वाटतं’ म्हणून जोडलं तर ती फसेल. पट्टीवर प्रश्नचिन्ह टाकून तिने पुढे जायला हवं.

तांबटगल्ली

आमच्याकडे आजोबांच्या कीर्तनाच्या वह्या आहेत, पावसात भिजून पानं चिकटलीत. ती सोडवायला काय करावं? उन्हात ठेवू का?

दप्तरखाना

उन्हात नको, कागद आकसतो आणि शाई उडते. सावलीत, पंख्याच्या हलत्या हवेत, वही उभी अर्धवट उघडून ठेवा. चिकटलेलं पान ओढू नका. बाकीचं वेगळ्या धाग्यात विचारा, शाई कुठली आहे त्यावर बरंच अवलंबून आहे.

आता अनुस्वार जिथे थांबल्या तिथून पुढे. व्याकरण दोन उमेदवार ठेवतं तेव्हा टाचणी बोलते. अण्णा प्रत्येक प्रकरणाला डाव्या कोपऱ्यात एक टाचणी लावत असतील असं धरा. टाचणी वरून आत शिरते, खालून जाते आणि पुन्हा वर निघते. त्यामुळे प्रत्येक पानाला दोन भोकं पडतात. प्रकरणातल्या सगळ्या पानांची भोकं एकमेकांवर बसतात, दुसऱ्या प्रकरणाची बसत नाहीत, कारण तिरकेपणा आणि अंतर दर वेळी वेगळं पडतं. दोन पानं डावा वरचा कोपरा जुळवून खिडकीच्या काचेवर धरायची. उजेडाचे दोन ठिपके आरपार दिसले तर पानं एका टाचणीतली.

गंजाचं वेगळं बघायचं. पहिल्या पानावर टाचणीच्या डोक्याचा गोल डाग आणि टोकाचा छोटा डाग असतो. शेवटच्या पानाच्या पाठीवर दोन भोकांना जोडणारी तांबूस रेघ असते, कारण टाचणीचा मधला भाग तिथे उघडा असतो. मधल्या पानांवर फक्त भोकांभोवती कडी. म्हणजे प्रकरणाची दोन्ही टोकं वाचल्याशिवाय सापडतात.

मर्यादा ही की टाचणी प्रकरण सांगते, प्रकरणाच्या आतला क्रम सांगत नाही. तो क्रमांक आणि जोड सांगतात. शिवाय कुणी वाचताना टाचणी काढून पुन्हा लावली असेल तर भोकांच्या दोन जोड्या दिसतात.

गोदाकाठची

फार उपयोग झाला. मधला भाग नव्याने लिहिलाय, बघा :

*आठही ‘३’ तिने एकाखाली एक ठेवले आणि तळ बघितले. सातांवर ‘...४/-’ होतं, एकावर नव्हतं. ते पान उलटून तिने पाठ उजेडाकडे धरली. दोन भोकांच्या मधे तांबूस रेघ होती. ‘अण्णा, तुमचं कुठलं तरी प्रकरण तीनच पानांचं आहे.’*

*‘सिंहस्थाचं,’ अण्णा पलंगावरून म्हणाले. ‘ऐंशी साली बंदोबस्ताच्या याद्या टाइप करण्यातच महिना गेला. बघितलं काहीच नाही, तर लिहू काय?’*

*कपाटाच्या जोडापाशी ती अडली होती. एका पट्टीवर नोंदवही, दुसरीवर कागदपत्रं, दोन्हींवर प्रश्नचिन्ह. तिने पान ३ काचेवर धरलं आणि त्यावर नोंदवहीचं पान ठेवलं. ठिपके शेजारी शेजारी पडले, एकावर एक नाही. मग कागदपत्रांचं पान ठेवलं. खात्री करायला तिने सुई घेतली आणि दोन्ही पानांच्या भोकांतून ओवली. बरोबर बसली. आगमनाची वही काढली. पान ३ एकोणिसावं, कागदपत्रांचं पान विसावं. पिशवीतून ती दोघं लागूनच बाहेर आली होती.*

*‘कपाटातून काय काढलं होतं तुम्ही, अण्णा?’*

*‘नोंदवही,’ अण्णा लगेच म्हणाले. ‘निळ्या पुठ्ठ्याची.’*

*तिने पट्टीवरचं प्रश्नचिन्ह खोडलं नाही.*

दप्तरखाना

सुई काढा. गंजलेल्या भोकाची कड ठिसूळ असते, सुई ओवली की भोक मोठं होतं आणि पुढच्या तुलनेला पुरावा राहत नाही. काचेवरचा उजेड पुरतो. बाकी तळ, रेघ, आगमन क्रमांक हा क्रम योग्य आहे.

अनुस्वार

अण्णांचं उत्तर आवडलं. त्यांना घटना आठवते, पान आठवत नाही. नोंदवही त्यांनी कुठल्यातरी दुसऱ्या प्रसंगात काढली असेल, आणि ते पान दुसऱ्या प्रकरणात आहेच. नातीने त्यांना ‘काय झालं’ असं विचारू नये. दोन्ही जोड वाचून दाखवावेत आणि कुठलं वाक्य तुमचं, असं विचारावं. टंकलेखकाचा कान वाक्य ओळखतो.

गोदाकाठची

सुई काढते. आता शेवटाकडे येते, तिथे मी अडकले आहे. दुष्काळाच्या प्रकरणात पान ५ दोनदा निघतं. एक फुलस्केपवर, ‘ळ’ शाबूत, टाचणीची भोकं बरोबर बसणारी. त्यात खडी फोडण्याच्या कामावरचा हजेरीपट वरिष्ठांनी कसा फुगवला हे नावानिशी आहे. दुसरं ए-फोरवर, ‘ळ’ तुटका, टाचणीचं भोकच नाही. त्यात तो प्रसंग नाही, पावसाची वाट पाहण्याचं वर्णन आहे. दोन्ही पान ४ ला आणि पान ६ ला जोडतात. नातीने कुठलं ठेवावं?

टंकमित्र

ए-फोरचं पान नंतरचं, यात शंका नाही. आणखी एक खूण त्यावर घाला. मधलं एकच पान पुन्हा टाइप करताना मजकूर कमी-जास्त होतो, आणि शेवट तर पुढच्या पानाच्या पहिल्या शब्दाशीच जुळवायचा असतो. त्यामुळे तळाची ओळ मधेच, पूर्णविरामाशिवाय, अर्ध्यावर सुटते, किंवा शेवटच्या चार ओळी एकेरी अंतराने दाटून बसवलेल्या असतात. सरळ ओघात टाइप केलेल्या पानावर असं होत नाही.

सातपूरकर

मग प्रश्नच मिटला. लेखकाने नंतर बदललं, तेच शेवटचं. ए-फोर ठेवा, जुनं बाजूला.

दप्तरखाना

इतकं सरळ नाही. ए-फोरला भोक नाही, याचा अर्थ टाचणी असताना ते त्या गठ्ठ्यात नव्हतं. अण्णांनी ते टाइप केलं आणि जुनं काढून नवं घालायचं राहून गेलं, की टाइप करून मग मन बदललं आणि जुनंच राहू दिलं? पुरावा दोन्ही बाजूंनी तेवढाच आहे. क्रम लावणाऱ्याचं काम इथे संपतं. तिने दोन्ही पानं ठेवावीत, गठ्ठ्यात फुलस्केप त्याच्या जागी, ए-फोर त्याच्या मागे ‘५ (दुसरं)’ अशा पेन्सिलीच्या नोंदीसह.

अनुस्वार

असहमत. अण्णा समोर बसलेले आहेत. कागदावरून ठरत नसेल तर लेखकाला विचारायचं. दोन्ही पानं वाचून दाखवायची आणि ते म्हणतील ते ठेवायचं.

दप्तरखाना

विचारावं, जरूर. पण नव्वदीतल्या अण्णांचं उत्तर हा तिसरा निर्णय झाला, १९९४ चा नव्हे. ते ‘ते पान फाडून टाक’ म्हणाले तर नात फाडेल का? त्यांचं उत्तर तारखेसह वहीत लिहावं आणि कागद दोन्ही ठेवावेत.

गोदाकाठची

फाडायला सांगतील ही शक्यता माझ्या डोक्यात नव्हती. टंकमित्र, एक विचारते. ‘ळ’ सहाव्या प्रकरणाच्या मध्यावर तुटला असं ठेवलंय. मग ए-फोरचं पान अण्णांनी नेमकं कधी टाइप केलं हे नातीला आणखी जवळ आणता येईल का?

टंकमित्र

येईल. आठव्या प्रकरणाची शेवटची काही पानंही ए-फोरवर ठेवा, म्हणजे फुलस्केपचा गठ्ठा तेव्हा संपला होता हे दिसेल. मग त्या पानांतल्या ‘ब’ची पोटं आणि या पानातली पोटं ताडायची. दोन्हीकडे सारखीच भरलेली असली आणि रिबनही तेवढीच फिकट असली, तर हे पान बहुधा सगळं लिहून झाल्यावर, शेवटच्या बैठकींच्या आसपासचं. पोटं स्वच्छ आणि अक्षर काळंभोर निघालं तर मधे रिबन बदलली, खिळे साफ झाले. किती काळ गेला ते मात्र यंत्र सांगणार नाही.